गोळी किती कठीण असावी? : काठिण्य, विघटन आणि विद्रावण या तीन परीक्षांविषयी

गतवर्षी पावसाळ्याच्या अखेरीस आमच्याकडे एक सेवानिवृत्त शिक्षक भगंदराच्या उपचारासाठी येत असत. वय सदुसष्ट, स्वभाव मितभाषी. त्यांस अन्य औषधांसमवेत त्रिफळा गुग्गुळाच्या दोन गोळ्या दिवसातून तीन वेळा आम्ही दिल्या होत्या. सहा आठवडे उलटूनही अपेक्षित उपशय दिसेना, म्हणून आम्ही मात्रा दोनाच्या तीन गोळ्या केली. पुढील भेटीत गुरुजी बराच वेळ संकोचून बसले आणि मग म्हणाले, "वैद्यराज, सांगावे की नाही कळत नाही, पण आपली गोळी शौचावाटे जशीच्या तशी पडते."

ती गोळी आमच्या चिकित्सालयाला जोडून असलेल्या लहानशा औषधनिर्माणशाळेतच तयार झालेली होती. म्हणजे दोष दुसऱ्या कोणाकडे ढकलण्याची सोयच उरली नव्हती. त्याच सुमारास औषधनिर्माणशास्त्र पदविकेचा एक विद्यार्थी आमच्याकडे प्रशिक्षणासाठी येत असे. त्याने बॅचची नोंदवही उघडून पाहिली आणि विचारले, "सर, काठिण्य उत्तम आहे, घर्षणाची परीक्षा उत्तम आहे. मग गोळी नापास कशी?" त्याला जे समजावून सांगावे लागले, ते आम्हांसही नव्याने तपासून घ्यावे लागले. वैद्यबंधू आणि फार्मसीचालक या दोघांनाही त्याचा उपयोग आहे असे वाटल्यावरून तेच येथे मांडतो.

आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. काठिण्य हा गोळीचा गुण नव्हे. ती एक मर्यादा आहे. या मर्यादेची खालची बाजू घर्षणाची परीक्षा ठरवते आणि वरची बाजू विघटनाची परीक्षा ठरवते. ज्या फार्मसीत केवळ खालची बाजू पाहिली जाते, तेथे गोळी बाटलीत सुरक्षित राहते आणि रुग्णाच्या पोटातही तितकीच सुरक्षित राहते!

प्रथम काठिण्य. हे मोजण्यासाठी बहुतेक लहान फार्मसींत मोन्सँटो पद्धतीचे हार्डनेस टेस्टर असते. त्यात गोळी दोन जबड्यांमध्ये आडवी धरतात आणि मळसूत्र फिरवून स्प्रिंगचा दाब वाढवीत नेतात. ज्या क्षणी गोळी फुटते, त्या क्षणी काटा जेथे असेल तो आकडा किलोग्रॅममध्ये वाचतात. आरंभी काटा शून्यावर नसेल तर तेवढा भाग वजा करतात. एकाच गोळीवर विसंबू नये, दहा तरी फोडाव्यात. मळसूत्र भरभर फिरवले तर आकडा बदलतो, म्हणून फिरवणारा हात शक्यतो एकच असावा. सामान्यतः चार किलोपेक्षा कमी काठिण्याची गोळी हाताळणीत टिकत नाही असा अनुभव आहे. मात्र हा आकडा म्हणजे फार्माकोपियाने घालून दिलेली सर्वसाधारण मर्यादा नव्हे. गोळीचा आकार, जाडी आणि घटकद्रव्ये यांवर तो अवलंबून असतो.

विद्यार्थ्याने येथेच अडवून विचारले, "मग गोळी टिकेल की नाही हे ठरवायचे कशावर?" त्याचे उत्तर घर्षणाच्या परीक्षेत आहे. रोश पद्धतीच्या फ्रायबिलेटरमध्ये गोळ्या एका पारदर्शक पिंपात ठेवतात. हे पिंप मिनिटाला २५ फेरे याप्रमाणे ४ मिनिटे, म्हणजे एकूण १०० फेरे फिरते. प्रत्येक फेऱ्यात गोळ्या सुमारे सहा इंचांवरून खाली पडतात. आधी आणि नंतर धूळ झटकून गोळ्यांचे वजन करतात. घट एक टक्क्यापेक्षा अधिक नसावी आणि एकही गोळी तडकलेली वा फुटलेली नसावी. ६५० मिलिग्रॅमपर्यंतच्या गोळ्या असतील तर एकूण वजन साडेसहा ग्रॅमच्या आसपास भरेल इतक्या घ्याव्यात. आमची गोळी ५०० मिलिग्रॅमची, म्हणून १३ गोळ्या. वाहतुकीत गोळी टिकेल की नाही, याचे उत्तर काठिण्याच्या आकड्यापेक्षा ही परीक्षा अधिक प्रामाणिकपणे देते, कारण बाटलीत गोळीला कोणी जबड्यात धरून चिरडत नाही. ती आपटते आणि घासली जाते.

आता गुरुजींच्या बॅचची नोंद पाहू. दहा गोळ्यांचे काठिण्य ११ ते १३ किलो, सरासरी १२. तेरा गोळ्यांचे वजन परीक्षेपूर्वी ६.५०० ग्रॅम आणि नंतर ६.४९४ ग्रॅम, म्हणजे घट एक दशांश टक्क्याहूनही कमी. नोंदवहीत पर्यवेक्षकाने शेजारी 'उत्तम' असा शेरा मारला होता. त्याच्या दृष्टीने तो खराही होता. आदल्या वर्षी काही औषध विक्रेत्यांकडून तुटक्या गोळ्यांच्या तक्रारी आल्या होत्या आणि आम्हीच त्याला 'गोळी जरा घट्ट काढा' असे सांगितले होते. विघटनाचा रकाना मात्र कोरा होता. यंत्र होते, पण ते वापरण्याची शिस्त सुटली होती. २००० साली अधिसूचित झालेल्या शेड्यूल टी मध्ये आयुर्वेदिक फार्मसीच्या गुणनियंत्रण विभागासाठी जी उपकरणांची यादी सुचविलेली आहे, तीत गोळी विघटनाचे यंत्र आहे. त्यामुळे ते पुष्कळ ठिकाणी खरेदी केले जाते. त्यावर धूळ किती आहे, हे मात्र ज्याचे त्याने पाहावे.

विघटनाच्या यंत्राची रचना साधी आहे. दोन्ही टोकांनी उघड्या अशा सहा काचनळ्या एका चौकटीत उभ्या बसविलेल्या असतात आणि त्यांच्या तळाशी सुमारे २ मिलिमीटर छिद्रांची तारेची जाळी असते. प्रत्येक नळीत एक गोळी टाकतात. ही चौकट ३७ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात मिनिटाला सुमारे ३० वेळा वरखाली होते. जाळी वरच्या टोकालाही पाण्याखालीच राहिली पाहिजे. गोळी फुटून तिचे कण जाळीतून खाली गेले, की ती विघटित झाली. इंडियन फार्माकोपियात साध्या, वेष्टनरहित गोळीसाठी सर्वसाधारण मर्यादा १५ मिनिटांची, पातळ पटलाचे वेष्टन असलेल्या गोळीसाठी ३० मिनिटांची आणि शर्करावेष्टित गोळीसाठी ६० मिनिटांची आहे. सहापैकी एक किंवा दोन गोळ्या राहिल्या तर आणखी १२ घेऊन परीक्षा पुन्हा करतात आणि एकूण १८ पैकी किमान १६ विघटित व्हाव्या लागतात. दोनापेक्षा अधिक राहिल्या तर पुनर्परीक्षेची सवलत नाही.

येथे विद्यार्थ्यांची हमखास चूक होते ती परीक्षेचा शेवट ओळखण्यात. जाळीवर काहीच उरू नये असे नव्हे. मऊ लगदा उरला आणि त्यात बोटाला टणक लागणारा गाभा नसेल, तरी गोळी विघटित झाली असे मानतात. गुग्गुळकल्पात हे विशेष ध्यानात ठेवावे लागते, कारण गुग्गुळातील राळेचा अंश पाण्यात विरघळत नाही आणि जाळीवर चिकटून राहतो. तो पाहून चांगली गोळी नापास करू नये. आणि लगदा दिसला म्हणून आत गाभा आहे की नाही हे न चाचपता वाईट गोळी पासही करू नये. तसेच एका बॅचनंतर जाळी नीट धुतली नाही, तर छिद्रे बुजतात आणि पुढल्या बॅचवर विनाकारण ठपका येतो.

गुरुजींच्या बॅचमधील सहा गोळ्या आम्ही त्या विद्यार्थ्यासमक्ष यंत्रात टाकल्या. १५ मिनिटांनी सहाही अखंड. ३० मिनिटांनी कडा थोड्या झिजलेल्या. ६० मिनिटांनी दोन गोळ्यांचा लगदा झालेला आणि उरलेल्या चार गोळ्यांत हरभऱ्याच्या डाळीएवढा टणक गाभा शिल्लक. सहापैकी चार, म्हणजे पुनर्परीक्षेचा प्रश्नच नव्हता.

आम्ही ते गाभे ब्लेडने मधोमध कापले. ही कृती कोणत्याही फार्माकोपियात नाही, पण कारण शोधण्यास तिच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा होत नाही. गाभा आतून ओला आणि बुळबुळीत असेल, तर पाणी आत शिरले आहे, पण डिंकाचा किंवा गुग्गुळाचा जाड थर फुगून त्याने पुढची वाट अडवली आहे असे समजावे. अशा वेळी बंधनद्रव्य अधिक झाले असण्याचा संभव असतो. गाभा आतून कोरडा असेल, तर पाणी आत शिरलेलेच नाही. आमचे चारही गाभे आतून कोरडे होते. चूर्णाचा रंगही फिका, जसा मिश्रण करताना असतो तसा.

पाणी का शिरले नाही, हे कळण्यासाठी गोळी फुटते कशी हे समजून घ्यावे लागते. दाबलेल्या गोळीत कणांच्या मध्ये सूक्ष्म पोकळ्या उरलेल्या असतात. पाणी त्या वाटेने आत ओढले जाते. पिष्टासारखी द्रव्ये फुगतात, कणांमधील बंध सुटतात आणि गोळी आतून फुटते. दाब वाढवला की पोकळ्या मिटतात. त्यातच त्रिफळा गुग्गुळाची घडण पाहा. शार्ङ्गधरोक्त पाठाप्रमाणे त्रिफळाचूर्ण ३ पल, पिंपळी १ पल आणि गुग्गुळ ५ पल; म्हणजे गोळीच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग गुग्गुळच आहे. गुग्गुळ उष्णतेने मऊ होतो आणि थंड झाल्यावर पुन्हा कडक होतो. कणी वाळवताना तापमान अधिक झाले तर तो वितळून चूर्णाच्या कणांवर लाखेसारखा पसरतो. मग गोळी दाबली, की प्रत्येक कणाला पाणी न शिरणारा अंगरखाच चढतो.

नोंदी तपासता नेमके तेच आढळले. एरवी आमच्याकडे कणी ४५ ते ५० अंशांवर वाळवली जाते. दिवाळीपूर्वी मागणी वाढली, म्हणून त्या बॅचच्या वेळी ट्रे ड्रायर ७० अंशांवर ठेवून काम अर्ध्या वेळात उरकले होते. अतिदाब आणि अतिताप अशी दोन कारणे एकत्र आली होती.

दोन्ही एकदम दुरुस्त केली असती तर कोणत्या कारणाचा वाटा किती, हे कळले नसते. म्हणून आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलली. प्रथम ७० अंशांवर वाळवलेलीच उरलेली कणी घेऊन दाब कमी केला आणि काठिण्य ६ किलोवर आणले. विघटनास ३८ मिनिटे लागली. नंतर ४८ अंशांवर वाळवलेली नवी कणी घेतली, दाब तोच ठेवला; विघटन २९ मिनिटांत झाले. शेवटी त्याच नव्या कणीत, कणी तयार झाल्यावर बाहेरून, चार टक्के मक्याचे पिष्ट मिसळले. विघटन २२ मिनिटांवर आले. पिष्ट बाहेरून मिसळण्याचे कारण असे, की कणीच्या आत बांधले गेलेले पिष्ट गुग्गुळाच्या वेष्टनाखाली दडते. बाहेरचे पिष्ट कणीकणीच्या सांध्यांत राहते आणि पाणी लागताच तेथूनच गोळी उकलते. अर्थात असे पूरकद्रव्य मान्य प्रतीचे असावे आणि त्याची नोंद बॅचपत्रकात असावी.

मग फार्मसीच्या बाजूने दुसरा प्रश्न उभा राहिला: ६ किलोची गोळी प्रवासात टिकेल काय? तेरा गोळ्यांचे वजन ६.५०० ग्रॅमवरून ६.४६१ ग्रॅम झाले, म्हणजे घट ०.६ टक्के. एक टक्क्याच्या आत. दाब आणखी कमी करून ४ किलोची गोळी काढून पाहिली, तेव्हा घट १.८ टक्क्यांवर गेली आणि दोन गोळ्यांचे टवके उडाले. म्हणजे आमच्या या कल्पासाठी, आमच्या यंत्रावर, योग्य पट्टा ५ ते ७ किलोंचा ठरला. हा आकडा दुसऱ्या फार्मसीने उचलू नये. तेथील गुग्गुळ वेगळा, साचा वेगळा, आर्द्रता वेगळी. उचलावी ती पद्धत: घर्षणाने तळ शोधावा, विघटनाने माथा शोधावा आणि मग मधला आकडा यंत्रचालकाला लिहून द्यावा. 'घट्ट काढा' ही सूचना पुन्हा कधी देऊ नये. तुटीची तक्रार असेल तर आधी बाटलीत मोकळी जागा किती राहते ते पाहावे. आमच्याकडे मोठ्या बाटलीऐवजी लहान बाटली आणि वर कापसाचा बोळा इतक्यानेच पुष्कळ काम झाले.

आता तिसरी परीक्षा, विद्रावण, म्हणजे डिसोल्यूशन. विघटन आणि विद्रावण यांत विद्यार्थ्यांचा फार गोंधळ होतो. खडीसाखरेचा खडा पाण्यात फुटत नाही, तरी विरघळून जातो. खडूचा तुकडा पाण्यात चुरला जातो, पण विरघळत नाही. पहिल्यात विघटनाविना विद्रावण आहे, दुसऱ्यात विद्रावणाविना विघटन. शरीरात शोषण व्हायचे तर द्रव्य बहुधा विरघळलेल्या अवस्थेत यावे लागते. म्हणून आधुनिक औषधांत विघटनाच्या पुढची ही परीक्षा आली.

उदाहरणार्थ पॅरासिटामॉलची गोळी घ्या. अमेरिकन फार्माकोपियाप्रमाणे ३७ अंश तापमानाच्या ९०० मिलिलिटर बफर द्रावणात, ज्याचा पीएच ५.८ असतो, गोळी टाकतात आणि वल्ह्यासारखे पाते मिनिटाला ५० फेरे या गतीने फिरवतात. ३० मिनिटांनी थोडे द्रावण काढून लगेच गाळतात आणि त्यात औषध किती उतरले ते वर्णपटमापकावर मोजतात. लेबलवरील मात्रेच्या ८० टक्के ही मर्यादा ठरलेली आहे. पहिल्या टप्प्यात सहा गोळ्यांपैकी प्रत्येकीने तिच्याहून पाच टक्के अधिक, म्हणजे ८५ टक्के, गाठावे लागतात. 'लगेच गाळणे' हे शब्द महत्त्वाचे आहेत. न गाळता नमुना ठेवून दिला, तर त्यातील बारीक कण नळीत विरघळत राहतात आणि आकडा फुगतो.

हीच परीक्षा त्रिफळा गुग्गुळाला लावावी काय? अलीकडे काही फार्मसींच्या माहितीपत्रकांत आयुर्वेदिक गोळीच्या 'डिसोल्यूशन'चे आकडे छापलेले दिसतात. त्यांविषयी आमचा आक्षेप आहे, आणि तो सकारण आहे. पॅरासिटामॉलच्या गोळीत मोजायचे द्रव्य एक आहे. येथे कोणते मोजणार? त्रिफळ्यातील गॅलिक आम्ल पाण्यात सहज उतरते. त्यावरून मोजले तर गोळी उत्तम ठरेल. गुग्गुळातील गुग्गुलस्टेरॉन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. त्यावरून मोजले तर तीच गोळी नापास ठरेल. पाण्यात फेसाळ द्रव्य घालून ते विरघळवता येते, पण मग तो आकडा गोळीविषयी किती सांगतो आणि त्या फेसाविषयी किती, हे ठरवणे कठीण. शिवाय या कल्पाचे कार्य या दोहोंपैकी एकाच द्रव्याने होते असे म्हणण्यास आधार नाही. आणि रसकल्पांत, जेथे भस्मे आहेत, तेथे तर विद्रावणाचा हा अर्थच लागू पडत नाही.

तरीही या यंत्राचा एक मर्यादित उपयोग आहे आणि तो आम्ही केला. प्रश्न एवढाच विचारायचा: गोळी दाबल्यामुळे आतील पाण्यात उतरणारा अंश किती अडकून राहिला? त्यासाठी एक गोळी अखंड टाकावी आणि दुसऱ्या भांड्यात तशाच गोळीचे बारीक चूर्ण करून टाकावे. दोन्हींकडे ९०० मिलिलिटर पाणी, ३७ अंश, ५० फेरे. एका तासाने दोन्हींचे नमुने गाळून, सारखेच पाचपट पातळ करून, २७० नॅनोमीटरच्या आसपास शोषणांक पाहावा. आमच्याकडे चूर्णाचा अंक ०.६० आला, जुन्या कठीण गोळीचा ०.२१ आणि नव्या गोळीचा ०.५१. म्हणजे चूर्णातून जे उतरते त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा जुन्या गोळीतून उतरत होता. नव्या गोळीतून ८५ टक्के. हे आकडे त्रिफळ्याच्या कषाय अंशाविषयी आहेत, गुग्गुळाच्या राळेविषयी नाहीत. ते अंतर्गत तुलनेसाठी आहेत, जाहिरातीसाठी नाहीत. गुरुजींना आम्ही मात्रा दीडपट केली होती आणि गोळीतून उतरत होता तिसरा हिस्सा, हा हिशोब मात्र आम्हांस पुरेसा बोलका वाटला.

येथे दोन शंका घेतल्या जातील. पहिली अशी, की ग्रंथांत वटीसाठी असली परीक्षा नाही. खरे आहे, पण ग्रंथकारांची वटी हाताने वळलेली होती, टनांच्या दाबाखाली निघालेली नव्हती. दाबयंत्र आपण आणले, तेव्हा त्या दाबाची परीक्षाही आपणच केली पाहिजे. दुसरी शंका अशी, की गुग्गुळकल्प हळूहळू सुटणे हाच त्याचा गुण आहे. असेलही, परंतु मग तो वेळ ठरलेला असावा आणि प्रत्येक बॅचमध्ये सारखा यावा. एका बॅचला २० मिनिटे आणि दुसऱ्या बॅचमध्ये तासानंतरही कोरडा गाभा, याला गुण म्हणता येत नाही.

१५ मिनिटांची मर्यादा गुग्गुळकल्पांना सरसकट लावावी, असे मात्र आम्ही म्हणत नाही. आमची नवी गोळीही २२ मिनिटे घेते. गुग्गुळाचे प्रमाण निम्म्यावर असताना १५ मिनिटांच्या हट्टापायी पूरकद्रव्ये वाढवीत गेलो, तर औषधाचाच अंश घटेल. आम्ही आमच्यापुरती मर्यादा ठरवली आहे: निर्मितीच्या वेळी ३० मिनिटे आणि वापराच्या मुदतीत केव्हाही ४५ मिनिटे. दोन मर्यादा ठेवण्याचे कारण असे, की गुग्गुळाची गोळी बाटलीत वाळत जाते. राखून ठेवलेल्या नमुन्यांची सहा महिन्यांनी परीक्षा केली, तेव्हा काठिण्य ६ वरून ८ किलोवर आणि विघटन २२ वरून ३१ मिनिटांवर गेलेले आढळले. आजचा आकडा तीन वर्षांनंतरच्या गोळीविषयी काही सांगत नाही. म्हणून विघटनाची परीक्षा राखीव नमुन्यांवर दर सहा महिन्यांनी व्हावी, असा आमचा आग्रह आहे.

ज्या वैद्यबंधूंची स्वतःची फार्मसी नाही, त्यांनी पुरवठादाराकडे त्या बॅचचे तीन आकडे मागावेत: काठिण्य, घर्षणातील घट आणि विघटनाचा काळ, तारखेसह. केवळ पहिले दोनच मिळाले, तर तिसरा का नाही हे विचारावे. शंका असेल तर चिकित्सालयातही एक ढोबळ परीक्षा करता येते. पेलाभर कोमट पाण्यात गोळी टाकावी, पाणी निवू लागले की बदलावे, अधूनमधून पेला हलवावा आणि अर्ध्या तासाने गोळी बोटांत दाबून पाहावी. दबली तर चिंता नाही. आत खडा लागला तर गोळी नापास झाली असे म्हणता येणार नाही, कारण पेला म्हणजे यंत्र नव्हे. पण ती प्रयोगशाळेत पाठविण्याइतके कारण निश्चित मिळाले. तोवर गोळी कुटून, चूर्ण करून अनुपानासह द्यावी.

गुरुजींनाही आम्ही प्रथम तेच सांगितले: गोळी कुटून कोमट पाण्यातून घ्यावी, आणि वाढवलेली मात्रा पूर्ववत दोन गोळ्यांवर आणली. कठीण बॅचच्या ज्या बाटल्या विक्रेत्यांकडे गेल्या होत्या, त्या परत मागवल्या. त्यात नुकसान झाले, पण त्या गोळ्या बाजारात ठेवणे शक्य नव्हते. नवी बॅच आल्यावर गुरुजी पुन्हा अखंड गोळी घेऊ लागले. तक्रार पुन्हा आली नाही. त्यांच्या व्रणाला पुढे जो उतार पडला तो केवळ या बदलामुळे, असे आम्ही म्हणणार नाही. सोबत क्षारसूत्राचे उपचारही चालू होते. परंतु त्याआधीचे सहा आठवडे 'औषधाचा गुण येत नाही' असे जे आम्ही समजत होतो, ते चूक होते, कारण औषध त्यांच्या शरीराला पुरते मिळालेच नव्हते.

आता आमच्या बॅचपत्रकात काठिण्याच्या रकान्याला खालचा आकडा आहे तसा वरचाही आहे आणि विघटनाचा रकाना भरल्याशिवाय पत्रकावर सही होत नाही. त्या रकान्यांची आखणी त्याच विद्यार्थ्याने केली.